कमीत कमी पंधरा दिवस

खरेदी विभागात त्यांना सगळे कोटेशनबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातल्या मनात त्याचं थोडं कौतुकही होतं. एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं: कुठलीही वस्तू घ्यायची झाली, मग ते छपाईचं यंत्र असो की पायपुसणी, तीन ठिकाणांहून दर मागवायचे, त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा आणि कोणाचं घ्यायचं ते खाली लिहून सही करायची. दर कमी दिसला म्हणून बाई कधी भुलल्या नाहीत. वॉरंटी किती, दुरुस्तीला माणूस किती दिवसांत येणार, माल परत घेणार का, हे सगळं त्या खोदून खोदून विचारत. पुरवठादार त्यांच्यासमोर बसले की घाम पुसत.

घरीही तेच. मिक्सर घेताना तक्ता, पडदे घेताना तक्ता. धाकटा भाऊ दूरच्या शहरात असायचा. तो एकदा फोनवर म्हणाला होता की ताईने लग्न केलं नाही, कारण तिसरं कोटेशन आलंच नाही. बाई त्यावर हसल्या होत्या, आणि नंतर आठवडाभर त्याच्याशी कामापुरतंच बोलल्या होत्या.

घरात त्या आणि आई. आई ब्याऐंशी वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिचे पाय गेले, तेव्हापासून तिला उठवणं, बसवणं, कुशीवर वळवणं हे सगळं बाईंच्या पाठीवर आलं. दिवसा आठ ते सहा एक मावशी यायच्या, पण सकाळ आणि संध्याकाळ बाईंचीच. अखेर पाठीने असहकार पुकारला. डॉक्टरांनी कंबर तपासली, गोळ्या दिल्या आणि चिठ्ठीवर खाली लिहिलं की नियमित योगासनं करावीत. वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, सकाळी तासभर मी बसते आईंपाशी, तुम्ही खुशाल जा. झालं. बाईंनी कोरा कागद घेतला आणि रेघा मारल्या.

चार ठिकाणं होती. बाई चारही ठिकाणी स्वतः गेल्या, तेही शनिवारी ऑफिस सुटल्यावर, पाठीला पट्टा बांधून.

पहिली होती कोपऱ्यावरची मोठी जिम. तिथल्या टाय लावलेल्या पोराने सांगितलं की जॉइनिंग फी आज माफ आहे, फक्त आज. बाईंनी विचारलं, “काल होती का माफ?” तो गडबडला. वर्षाची मेंबरशिप, मध्ये एकदाच तीस दिवस फ्रीझ, म्हणजे तात्पुरती बंद, करता येणार, त्याचेही वेगळे पैसे, आणि रिफंड कुठल्याही कारणास्तव नाही. बाईंनी त्याचा पुठ्ठ्यासारखा जाड रंगीत कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि तक्त्यात त्याच्या नावापुढे फुली मारली.

दुसरी जिम पुलापलीकडे. तिथे रिफंड होता, पण सहा महिन्यांचं पॅकेज घेतलं तर निम्माच आणि तोही पहिल्या महिन्यातच. शिवाय सकाळची वेळ सातला सुरू व्हायची, म्हणजे ऑफिसची बस चुकणार.

तिसरी एका योगशिक्षिकेच्या घरचा हॉल. तिथे सतरंज्या अंथरलेल्या, आठ-दहा बायका, एक मांजर. जॉइनिंग फी नाही, मुदत नाही, काहीच नाही. महिन्याचे पैसे महिन्याला. बाईंनी विचारलं की मध्येच बंद पडलं तर काय. शिक्षिका म्हणाल्या, नाही आलात तर नका देऊ, आलात की द्या. बाईंनी विचारलं, हे कुठे लिहिलेलं आहे का? त्यांनी हसून नाही म्हटलं. मग बाईंनी तक्त्यात त्यांच्या रांगेत सगळीकडे शून्य लिहिलं. ज्या अटी कागदावर नाहीत त्या अटीच नाहीत, हे तत्त्व त्यांनी एकतीस वर्षं पाळलं होतं. ते एका मांजराच्या घरी येऊन कसं मोडायचं?

चौथं होतं योग केंद्र, दुसऱ्या मजल्यावरचं, लाकडी फरशीचं. पायताण काढायला कप्पे, दाराला कार्ड लावलं की हिरवा दिवा आणि दार उघडणार. डेस्कवरच्या मुलीने चार पानी नियमावली त्यांच्यासमोर ठेवली. बाई तिथेच खुर्ची ओढून बसल्या आणि पेन्सिल काढून वाचू लागल्या. त्या मुलीने असं गिऱ्हाईक आजवर पाहिलं नसावं. तिने मुकाट पाण्याचा ग्लास आणून ठेवला.

तीन महिन्यांचं पॅकेज स्वस्त, पण त्याला फ्रीझ मुळीच नाही. सहा महिन्यांच्या पॅकेजला पंधरा दिवस. वर्षाच्या पॅकेजला साठ दिवस, फुकट. जितके दिवस फ्रीझ, तितके दिवस मुदत पुढे जाणार. शिवाय मेंबरशिप संपून खंड पडला तर परत येताना जॉइनिंग फी पुन्हा भरावी लागणार. म्हणजे तीन-तीन महिने घेत राहणं महागात पडणार. पहिल्या सात दिवसांत जॉइनिंग फी सोडून सगळा रिफंड. त्यानंतर वैद्यकीय कारणास्तव, उरलेल्या महिन्यांचा, काही कपात करून. बाईंनी जॉइनिंग फी निम्मी करून घेतली. मुलगी आत जाऊन मॅनेजरला विचारून आली तेव्हा बाईंच्या चेहऱ्यावर ऑफिसातलं ते सुप्रसिद्ध समाधान होतं.

घरी त्यांनी गुण दिले. जॉइनिंग फीला दहा, मुदतीला वीस, रिफंडला तीस आणि फ्रीझला चाळीस. कारण उघड होतं. आईचं दुखणं कधी उपटेल सांगता येत नाही. खंड पडणार हे धरूनच चालायचं. खंडाचे दिवस वाया जायला नकोत. साठ दिवसांपुढे बाकी सगळे फिके पडले. तक्ता इतका सुंदर जमला होता की त्यांनी तो आईला दाखवला. आई म्हणाली, अक्षर छान आहे.

आता खरी गोष्ट सांगायची तर त्या तक्त्यात एक रकाना कमी होता. ‘जास्तीत जास्त फ्रीझ’ असा रकाना होता. ‘कमीत कमी फ्रीझ’ असा नव्हता. तिसऱ्या पानावर ती ओळ होती, बाईंनी ती वाचलीही होती. पण रकानाच नसल्यामुळे ती उतरून घ्यायची राहिली. एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं.

सकाळचा क्लास साडेसहाचा. पहिल्या दिवशी शवासनात शिक्षिका म्हणाल्या, काही करू नका, नुसतं पडून राहा. बाईंना ते ऐकून रडू आलं. डोळे मिटलेले होते म्हणून बरं. त्या तासात कोणी हाक मारत नव्हतं. हात वर घ्या म्हटलं की हात वर घ्यायचा, श्वास सोडा म्हटलं की सोडायचा, ठरवायचं काहीच नाही. घरी ठरवणाऱ्या त्या, ऑफिसात ठरवणाऱ्या त्या. या एका तासात दुसरं कोणीतरी ठरवत होतं. पाठ किती सुधारली कोण जाणे, पण महिन्याभरात मावशी म्हणाल्या की ताई, तुमचा आवाज खाली आलाय. आईच्या अंगावर खेकसणं थांबलं होतं. बाईंना ते स्वतःलाही कळलं होतं आणि त्या तासाला त्या जपू लागल्या होत्या.

दुसऱ्या महिन्यात आईला ताप आला. बाईंनी शिस्तीत, आधी लेखी कळवायचं असतं म्हणून ताप चढतोय असं वाटताच, फ्रीझचा अर्ज दिला. ताप तीन दिवसांत उतरला. पाचव्या दिवशी बाई मॅट घेऊन पोचल्या, दाराला कार्ड लावलं. लाल दिवा.

“मॅडम, तुमचं पंधरा दिवसांचं आहे,” डेस्कवरची मुलगी म्हणाली.

बाईंनी सांगितलं की आई बरी झाली, आता फ्रीझ नको. मुलीने तिसरं पान उघडून बोट ठेवलं. एका वेळी कमीत कमी पंधरा दिवस. मध्ये सोडता येत नाही. लवकर आलात तरी पंधरा धरणार. बाईंनी ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. भांडायला जागाच नव्हती. कागदावर स्पष्ट होतं. दुसऱ्या कोणी अशी ओळ नजरेआड केली असती तर बाईंनी त्याला ऑफिसात उभं सोललं असतं. त्या जिना उतरल्या आणि उरलेले दहा दिवस सकाळी साडेसहाला स्वयंपाकघरात उभ्या राहून चहा प्यायल्या. चौथ्या दिवशी आईच्या हातून दूध सांडलं आणि बाई तिच्यावर ओरडल्या.

पुढे अक्कल आली, पण तिचा उपयोग होईना. आई पलंगावरून घसरली आणि चार दिवस दवाखान्यात होती, तेव्हा अर्ज द्यायचं सुचलंच नाही. घरी आणल्यावर पुढच्या सहा-सात दिवसांच्या शुश्रूषेसाठी दिला, तर मागच्या तारखेचं चालत नाही म्हणून ते चार दिवस गेले आणि वर पंधरा लागले. तिसऱ्या वेळी वहिनी मुलीकडे गेल्या, सकाळचं बसायला कोणी नव्हतं, सहाच दिवसांचा प्रश्न होता; आईला एकटं टाकून जावं की पंधरा दिवस घालवावे? घालवले. साठातले पंचेचाळीस संपले, आणि त्यात बाईंना खरी गरज होती ती मोजून सोळा-सतरा दिवसांची. ज्या अटीला सगळ्यात जास्त गुण दिले होते, तीच बाईंना क्लासबाहेर उभी करत होती. त्या सतरंज्यांच्या हॉलात असत्या तर तीन दिवस चुकले असते आणि चौथ्या दिवशी जाऊन बसल्या असत्या. हे त्यांच्या ध्यानात आलं नाही असं नाही. आलं, आणि त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही.

आठव्या महिन्यात आईने खाणं कमी केलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी बाईंना बाहेर बोलावून, खुर्चीवर बसवून, हळू आवाजात सांगितलं की मूत्रपिंडं काम सोडत चालली आहेत; या वयात डायलिसिसचा त्रास द्यावा असं त्यांना वाटत नाही; घरी न्या, दुखणार नाही एवढं पाहू. बाईंनी विचारलं, किती दिवस? हा त्यांचा जन्माचा प्रश्न. डॉक्टर म्हणाले, “आठ दिवस, किंवा दोन महिने. नेमकं कोणालाच सांगता येणार नाही.” बाईंना असं उत्तर लिहून घ्यायची सवय नव्हती.

त्यांनी ऑफिसात रजा टाकली. मग क्लासचं काय ते राहिलं. फोनवर भाऊ म्हणाला, ताई, पैसे परत माग सरळ, वैद्यकीय कारण आहे ना. बाईंनी त्याला सांगितलं की वैद्यकीय कारण सभासदाचं स्वतःचं लागतं, आईचं चालत नाही. तो म्हणाला, मग तुझ्या पाठीचं सर्टिफिकेट घे, कोणी बघतंय. बाई म्हणाल्या की त्याच पाठीसाठी डॉक्टरांनी योगासनं लिहून दिली आहेत. भावाने तो विषय सोडला. मग म्हणाला की मी पुढच्या आठवड्यात येतो, आणि रडायला लागला. बाईंनी फोन धरून ठेवला. त्यांना रडू येत नव्हतं. पैसे परत नकोच होते त्यांना. त्यांना तो तास परत हवा होता, आणि तो आता मागणंही लाजेचं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींना बसवून त्या केंद्रावर गेल्या. क्लास चालू होता. दाराच्या काचेतून पाठमोऱ्या बायका हात वर करून उभ्या दिसत होत्या. डेस्कवर तीच मुलगी. आठ महिन्यांत तिने बाईंना मॅडमवरून काकू करून टाकलं होतं. बाईंनी तिला थोडक्यात सांगितलं. मुलीने खुर्ची पुढे केली आणि कॉम्प्युटरवर नाव काढलं.

“काकू, पंधराच राहिलेत.”

“माहीत आहे.”

“त्यानंतर दिवस चालू होतील आपोआप. तुम्ही आलात, नाही आलात तरी.”

“तेही माहीत आहे.”

मेंबरशिप दुसऱ्याच्या नावावर करता येते, मुलगी म्हणाली. एकदाच, जो कधी सभासद नव्हता त्याच्या नावावर, थोडी फी भरून. वहिनींच्या नावावर करा हवी तर. बाई म्हणाल्या की वहिनी इथे येऊन बसल्या तर आईपाशी कोण बसणार. मुलीला ते पटलं. आणखी दिवस मिळतील का म्हणून तिने मॅनेजरला फोन लावला, तोंडावर हात धरून बराच वेळ बोलली, आणि फोन ठेवून बाईंकडे न बघता नकाराची मान हलवली. मग तिने फॉर्म पुढे केला. कधीपासून, एवढाच रकाना भरायचा होता. कधीपर्यंत, तो कॉम्प्युटरच भरणार होता.

बाईंनी पेन उचललं. त्यांनी आजची तारीख लिहायला घेतली तेव्हा ती मुलगी हळूच म्हणाली, “काकू, लगेच नका ना घेऊ. नंतर लागतील तुम्हाला.”

ती चांगल्या मनाने म्हणाली होती. तिच्या तोंडून निघून गेलं आणि मगच तिला कळलं की नंतर म्हणजे कशानंतर. तिचा चेहरा लाल झाला. बाई तिच्यावर रागावल्या नाहीत. रागवायचं कशाला? रात्रभर त्यांनी दुसरं काय केलं होतं? आज घेतले आणि आई दोन महिने राहिली, तर पंधरा दिवस फुकट जातील. थांबून घेतले आणि आठ दिवसांतच झालं, तर नंतरच्या धावपळीला उपयोगी पडतील. त्यांनी हे दोन्ही बाजूंनी जुळवून पाहिलं होतं, डोक्यात रेघा मारून, रकाने पाडून, आणि पहाटे केव्हातरी त्यांच्या लक्षात आलं होतं की एका रांगेत आईचे दिवस आहेत आणि दुसऱ्या रांगेत आपले. त्या उठून आईच्या पायाशी जाऊन बसल्या होत्या. स्वतःची इतकी किळस त्यांना कधी आली नव्हती.

त्यांनी आजची तारीख लिहिली. हिशेबाने पाहिलं तर ती सगळ्यात वाईट तारीख होती, आणि म्हणूनच लिहिली. मुलीने बटण दाबलं, यंत्रातून पावती निघाली. तिच्यावर छापलं होतं: पुन्हा सुरू होण्याची तारीख. पंधरा दिवसांनंतरचा मंगळवार. बाईंनी पावती घडी करून पर्समध्ये ठेवली, मुलीचे आभार मानले, आणि काचेकडे न बघता जिना उतरल्या.

घरी वहिनी म्हणाल्या की आई जाग्या आहेत, आज बऱ्या वाटतात. मग वहिनी वर त्यांच्या घरी गेल्या. मावशी लवकर आल्या होत्या, न्हाणीघरात पाणी गरम करत होत्या. बाई पलंगाजवळ स्टूल ओढून बसल्या. आईने त्यांच्या साडीकडे पाहिलं. क्लासला जाताना बाई नेहमी ढगळ पॅन्ट घालत, आणि आईला ती मुळीच आवडत नसे.

“आज गेली नाहीस?” आईने विचारलं. आवाज बारीक होता, पण शब्द स्पष्ट होते.

“सुट्टी घेतलीय.”

“किती दिवस?”

बाईंना काहीही सांगता आलं असतं. पण दिवस विचारले की आकडा सांगायचा, हे त्यांच्या हाडीमासी खिळलेलं होतं. “पंधरा,” त्या म्हणाल्या.

आई छताकडे बघत राहिली. तिचे ओठ हलले. ती मोजत होती की नुसतीच ओठ ओले करत होती, ते बाईंना कळलं नाही. मग तिने चादरीखालचा हात काढला आणि बाईंच्या मनगटावर ठेवला, लहानपणी परीक्षेला जाताना ठेवायची तसा.

“पुरतील,” ती म्हणाली.

आई त्यांची समजूत काढत होती. तुझा खोळंबा होणार नाही, असं सांगत होती. बाईंना ओरडावंसं वाटलं की मला घाई नाही, मला कुठेही जायचं नाही, तो क्लास गेला खड्ड्यात. पण पर्समध्ये तो मंगळवार घडी होऊन पडला होता आणि तो त्यांनीच ठरवून आणला होता.

“लागले तर वाढवून देतात, आई,” त्या म्हणाल्या. “कितीही. मी विचारून आलेय.”

“कागदावर आहे का?” आईने विचारलं.

“हो,” बाई म्हणाल्या. “आहे कागदावर.”

आईने डोळे मिटले. तिचा विश्वास बसला की नाही, कोण जाणे. मावशी गरम पाण्याची बादली घेऊन आत आल्या आणि दोघींनी मिळून तिला हळूच कुशीवर वळवलं.